अकरा पानांचा करार एका पानावर: फ्रीलान्स काम घेणाऱ्या नवख्या डिझायनरसाठी

जुलैच्या शेवटी माझ्या मावसबहिणीचा ठाण्याहून फोन आला. "ताई, पहिलं मोठं काम मिळालंय. करार आलाय, सही करून पाठवायचाय. तू जरा वरवर बघतेस का?" करार अकरा पानी, अर्थात इंग्रजीत. मसाल्यांच्या एका नव्या ब्रँडचा लोगो आणि सहा पाकिटांचं डिझाइन, आठ आठवड्यांचं काम, मानधन १,२०,००० रुपये. मी म्हटलं, वरवर बघायचा असेल तर राहू दे. शनिवारी दादरला ये आणि येताना स्टेशनबाहेर प्रिंट काढून आण, एका बाजूला छापलेला.

वरवर बघण्याची किंमत मी एकदा मोजली आहे. एका एजन्सीसाठी मी कॅफेचं सगळं ब्रँडिंग केलं होतं. चौदा वेळा करेक्शन झालं आणि मग "डायरेक्शन बदललं" म्हणून काम थांबवलं. ॲडव्हान्सपलीकडे एक पैसा मिळाला नाही. चार महिन्यांनी त्यांनी नाकारलेला माझाच एक ऑप्शन लोकलच्या डब्यातल्या जाहिरातीत दिसला. करार काढून पाहिला, तर ते सगळं करारानुसारच झालं होतं. मी सही केली होती, वाचलं नव्हतं.

त्या शनिवारी आम्ही जे केलं ते इथे क्रमानं लिहिते. करारातून चार गोष्टी काढून एका पानावर चार कप्प्यांत मांडायच्या: पैसे कधी, करेक्शन किती, काम कुणाचं, आणि मध्येच मोडलं तर काय. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल किंवा परदेशी क्लायंट असेल, तर हेच एक पान घेऊन वकिलाकडे जा, म्हणजे त्याचा अर्धा तास पुरेल.

१. बसण्याआधी काय हाताशी हवं

- कराराची पूर्ण पीडीएफ आणि तिला जोडलेली सगळी परिशिष्टं. कामाचा तपशील बहुतेक वेळा शेवटच्या परिशिष्टात असतो.
- तुम्ही दिलेलं कोटेशन, आणि क्लायंटनं पाठवली असेल तर पर्चेस ऑर्डर.
- ईमेल आणि व्हॉट्सॲपवर जे ठरलं ते. "दोनच करेक्शन असतात आमच्याकडे" वगैरे.
- कॅलेंडर, पेन्सिल, कोरा कागद.
- उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोटा उद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र. नसेल तर `udyamregistration.gov.in` वर काढा. आधारवर होतं आणि फुकट असतं. ते काम सुरू करण्याआधी हातात हवं, का ते पुढे येईल.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं शोधून ठेवायचं कारण वेगळंच आहे. बहुतेक करारांच्या शेवटी एक कलम असतं: हा करार हाच संपूर्ण करार, याआधीचं बोलणं धरलं जाणार नाही. तिच्या करारात ते दहाव्या पानावर होतं. म्हणजे फोनवर ठरलेलं एखादं वाक्य तिला महत्त्वाचं वाटत असेल, तर ते सहीच्या आधी करारात उतरायला हवं. चॅटचा स्क्रीनशॉट नंतर फारसा कामाचा नाही.

२. पहिल्या वाचनात फक्त व्याख्या वाचा

सगळे जण मोठ्या अक्षरातल्या 'पेमेंट'च्या कलमावर उडी मारतात. मीही मारायचे. पण करारात मोठ्या अक्षरानं सुरू होणारा प्रत्येक शब्द आपला रोजचा शब्द नसतो, त्याचा अर्थ पहिल्या-दुसऱ्या पानावर बांधलेला असतो. तिच्या करारात असे नऊ शब्द होते. त्यातला एकच आम्ही पेन्सिलीनं गोल केला: `Acceptance`, म्हणजे मंजुरी.

व्याख्या अशी होती: क्लायंटच्या अधिकृत प्रतिनिधीनं, सर्वस्वी स्वतःच्या मर्जीनुसार, लेखी दिलेली पसंती. वाक्य इथेच संपलं होतं. किती दिवसांत द्यायची, उत्तरच दिलं नाही तर काय, नापसंतीची कारणं सांगायची की नाही, यातलं काहीही नव्हतं. तो अधिकृत प्रतिनिधी कोण हेही नव्हतं.

आता पीडीएफ उघडा, `Ctrl+F` दाबा आणि तो शब्द शोधा. आम्हाला तो चौदा ठिकाणी सापडला. पैशांच्या कलमात होता, करेक्शनच्या कलमात होता, करार संपवण्याच्या कलमात होता. आणि एका कलमात तो मुद्दाम शोधूनही नव्हता, ते होतं मालकीचं. ही अनुपस्थिती लक्षात ठेवा.

तुमच्या करारात हा शब्द `Approval` असेल किंवा `Sign-off` असेल. शब्द कोणताही असो, पैशांचा नळ ज्याच्या हातात आहे तो शब्द आधी शोधायचा.

३. पैशांचा कप्पा: टक्के नको, तारखा लिहा

करारात लिहिलं होतं: सहीवर २५ टक्के, डिझाइनच्या मंजुरीवर ५० टक्के, छपाईच्या फाइल्स दिल्यावर २५ टक्के. प्रत्येक बिल मिळाल्यापासून ६० दिवसांत चुकतं करणार. बहीण खूश होती, कारण ॲडव्हान्स होता.

मी कॅलेंडर पुढे ओढलं. सही ४ ऑगस्टला, त्याच दिवशी ३०,००० चं बिल. तिथून ६० दिवस मोजले की येतो ३ ऑक्टोबर. काम आठ आठवड्यांचं, म्हणजे २९ सप्टेंबरला संपणार. ज्याला ती ॲडव्हान्स म्हणत होती ती रक्कम काम संपल्यावर येणार होती. टक्केवारी वाचून हे कधीच दिसत नाही, तारीख लिहिली की दिसतं.

म्हणून या कप्प्यात प्रत्येक हप्त्यापुढे चार गोष्टी लिहा: रक्कम, कशानंतर बिल लावता येईल, पैसे येण्याची शेवटची तारीख, आणि टीडीएस कापून हातात किती. आमच्या कामावर बहुतेक क्लायंट १० टक्के टीडीएस कापतात, म्हणजे ३०,००० चे २७,००० येतील. ती रक्कम बुडत नाही, रिटर्न भरताना हिशेबात येते. पण घरभाडं रिटर्नमधून भरता येत नाही.

दुसऱ्या हप्त्याच्या तारखेपाशी आम्ही अडलो. ६०,००० रुपये, मंजुरीनंतर. मंजुरी कधी? माहीत नाही. तिथे आम्ही तारीख लिहिली नाही, मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी लिहिलं, "करार गप्प". हे दोन शब्द पूर्ण सारांशातले सगळ्यात उपयोगी शब्द आहेत. करार जिथे गप्प आहे तिथे आपण मनानं चांगला अर्थ भरतो, आणि नेमका तिथेच घात होतो.

आता उद्यमचं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात ६० लिहिले असले तरी मर्यादा ४५ चीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. एकट्यानं काम करणारी डिझायनरसुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. कायद्याचा आणखी एक भाग फार कमी जणांना माहीत असतो: काम दिल्यापासून १५ दिवसांत क्लायंटनं लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिलं त्याच दिवशी ते स्वीकारलं असं धरतात.

पण हे संरक्षण दिलेल्या कामाच्या पैशांना आहे. ॲडव्हान्सला नाही, कारण तेव्हा काम दिलेलंच नसतं. आणि कायदा आपल्या बाजूनं आहे म्हणून करार तसाच सोडू नका. ६०,००० साठी तक्रार नोंदवून सुनावण्यांना जाण्यापेक्षा सहीच्या आधी एक ईमेल लिहिणं सोपं.

४. करेक्शनचा कप्पा: गुणाकार करा

करारात होतं, "प्रत्येक डिलिव्हरेबलसाठी तीन राउंडपर्यंत". तीन म्हणजे ठीकच, असं वाटतं. डिलिव्हरेबल मोजा: लोगो एक, पाकिटं सहा, एकूण सात. सात त्रिक एकवीस. तीन राउंड समजून तिनं कोटेशन दिलं होतं आणि करार एकवीस मागत होता.

मग राउंड म्हणजे काय ते शोधा. सोमवारी मार्केटिंगवाल्यानं रंग बदलायला सांगितला, बुधवारी मालकांच्या सौभाग्यवतींनी मिरचीचं चित्र मोठं करायला सांगितलं, शुक्रवारी कुणीतरी फॉन्टवर बोललं. हा एक राउंड की तीन? तिच्या करारात व्याख्या नव्हती. पुन्हा "करार गप्प".

आणि खरा सापळा परिशिष्टात होता. तीन राउंडच्या वाक्यानंतर, त्याच ओळीत: "आणि मंजुरीसाठी आवश्यक ते पुढील बदल". म्हणजे तीन काय नि एकवीस काय, मंजुरी मिळेपर्यंत बदल करतच राहायचे. पहिल्या अर्ध्या वाक्यानं दिलेली मर्यादा दुसऱ्या अर्ध्यानं काढून घेतली होती. मुख्य करार आणि परिशिष्ट यांत विसंगती असेल तर कोणतं चालेल, तेही एक कलम सांगतं. तिच्या करारात परिशिष्ट वरचढ होतं.

५. मालकीचा कप्पा: काय, आणि कोणत्या क्षणी

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसताना केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा ते काम करणाराच असतो. अपवाद लक्षात ठेवा. फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग किंवा फिल्म कुणी मोबदला देऊन करून घेतली, तर उलट काही ठरलं नसल्यास पहिला मालक करून घेणारा असतो. मसाल्याच्या पाकिटावर तुम्ही हातानं चित्र रंगवणार असाल तर हा अपवाद तुमच्यापर्यंत पोचू शकतो, तेव्हा मालकीचं लेखी असूच द्या.

मालकी दुसऱ्याला द्यायची तर सहीनिशी लेखी लागते. त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ आणि कुठे, हे यावं लागतं. काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तिच्या करारात "कायमस्वरूपी, जगभर" असं स्पष्ट होतं, त्यामुळे ही सवलत गेली. कॉपी-पेस्ट करारांत `work made for hire` हेही शब्द दिसतात. ती अमेरिकेच्या कायद्यातली कल्पना आहे, आपल्या कायद्यात त्या नावाची तरतूद नाही. पण तिच्याच खाली मालकी देण्याचं साधं वाक्य असतं आणि ते पुरेसं असतं. गाफील राहू नका.

आता ती अनुपस्थिती. मालकी क्लायंटकडे केव्हा जाणार? करारात लिहिलं होतं, "निर्मितीच्या क्षणी". मंजुरीनंतर नाही, पैसे मिळाल्यावर नाही. आणि काय जाणार? अंतिम डिझाइन, शिवाय "कच्ची रेखाटनं व न स्वीकारलेले पर्याय". बहिणीनं बॅगेतून स्केचबुक काढून टेबलावर ठेवलं होतं. लोगोचे अकरा कच्चे आकार, एकावर चहाचा डाग. मी म्हटलं, सही केलीस की या कामाचं पुढचं प्रत्येक पान त्यांचं, डागासकट.

या कप्प्यात दोन बारीक गोष्टी अजून लिहा. पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी आहे का? तिच्यात गोपनीयतेच्या कलमानं बंदी होती. आणि विकत घेतलेल्या फॉन्टचं किंवा स्टॉक चित्राचं लायसन्स कोण घेणार? ते तुमचं नसतं, त्यामुळे त्याची मालकी तुम्ही देऊच शकत नाही. तरी करारात "सर्व घटकांची" असं लिहून घेतात.

६. करार मोडण्याचा कप्पा

इथे तीनच प्रश्न. कोण मोडू शकतं? किती दिवसांच्या नोटिशीनं? मोडल्यावर कशाचे पैसे मिळतात? उत्तरं: फक्त क्लायंट, कारण न देता. ७ दिवस. "मंजूर झालेल्या" कामाचेच. पैसे थकले तरी तिला काम थांबवायचा हक्क कुठेच नव्हता.

पुढे एक कलम होतं की करार संपल्यावर वर्षभर दुसऱ्या खाद्यपदार्थांच्या ब्रँडचं काम करायचं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ व्यवसायावरची अशी बंदी रद्दबातल ठरवतं. तरी ते काढून टाकायला सांगा, उगाच पत्रव्यवहार नको.

७. चारही कप्पे एकमेकांना लावून बघा

आतापर्यंत प्रत्येक कलम सुटं वाचलं. सुटं वाचलं की प्रत्येक जरा कडक वाटतं, पण चालण्यासारखं. म्हणून एक तारीख धरा आणि चारही कप्प्यांना तोच प्रश्न विचारा.

आम्ही धरलं: सहाही पाकिटं १ सप्टेंबरला दिली. मंजुरी नाही, "अजून थोडं" चालू आहे. ८ सप्टेंबरला नोटीस आली, १५ सप्टेंबरला करार संपला. तिच्या हातात काय?

पैसे: शून्य. ॲडव्हान्सची मुदत ३ ऑक्टोबर आहे. ६०,००० चं बिलच लावता येत नाही, कारण मंजुरी नाही. करेक्शन: नोटिशीच्या सात दिवसांतही मागितली तर द्यायची. मालकी: सगळी क्लायंटची, पर्यायांसकट, कारण निर्मिती झालेली आहे. म्हणजे सहा पाकिटांची डिझाइन्स त्यांची आणि त्यांचा खर्च फार तर ३०,०००.

बहीण थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पण ते लोक चांगले वाटतात गं." असतीलही. हा करार बहुधा त्यांनीही वाचलेला नसतो, आधीच्या कुणाच्या तरी करारातून उचललेला असतो. म्हणूनच बदल मागायला संकोच करायचा नाही.

८. काय मागितलं आणि काय मिळालं

वीस बदल मागितले की क्लायंट घाबरतो आणि करार त्यांच्या वकिलाकडे जाऊन पडतो. आम्ही पाचच मागितले, कलमाचा क्रमांक आणि त्याजागी घालायचं तयार वाक्य देऊन. "हे कलम अन्यायकारक आहे" असं लिहू नका, पर्यायी वाक्य द्या. समोरच्याला फक्त चिकटवायचं काम उरलं पाहिजे.

मंजुरीसाठी ७ कामकाजाचे दिवस, तोवर लेखी हरकत नसेल तर मंजूर: मान्य. मालकी त्या-त्या हप्त्याचे पैसे जमा झाल्यावर आणि फक्त अंतिम डिझाइनची: मान्य, पण पोर्टफोलिओत माल बाजारात आल्यावरच दाखवायचं. राउंड म्हणजे एकाच व्यक्तीनं एकत्र करून पाठवलेली एक यादी, लोगोला तीन, पाकिटांच्या पूर्ण संचाला दोन, पुढे प्रत्येक राउंड ३,००० रुपये: मान्य, आणि "पुढील बदल" ही शेपटी काढली. वर्षभराची बंदी: काढली.

पाचवी मागणी होती, मध्येच काम थांबवलं तर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के. साफ नाही म्हणाले. मग आम्ही ती सोडली आणि त्याऐवजी हप्ते बारीक करून घेतले, बिलांची मुदत कमी केली आणि करार मोडण्याचं कलम दोघांनाही सारखं करून घेतलं. नुकसानभरपाई द्यायला नकार देणारा क्लायंट छोटे हप्ते सहज मान्य करतो, आणि छोट्या हप्त्यांत बुडण्यासारखंही कमी राहतं.

सही सुधारित करारावर झाली, ईमेलमधल्या "ओके"वर नाही. तिचं शेवटचं पान असं झालं. प्रत्येक ओळीपुढे कलमाचा क्रमांक ठेवा, म्हणजे वादाच्या वेळी शोधत बसावं लागत नाही.

पैसे (कलम ४): ३०,००० सहीनंतर, जमा झाल्यावर काम सुरू. ३०,००० लोगो आणि पहिली तीन पाकिटं मंजूर झाल्यावर. ३०,००० उरलेली तीन मंजूर झाल्यावर. ३०,००० छपाईच्या फाइल्स दिल्यावर. ॲडव्हान्स सोडून प्रत्येक बिल ३० दिवसांत. हातात दर वेळी २७,०००.

मंजुरी (कलम १): ७ कामकाजाचे दिवस. गप्प राहिले तर मंजूर. प्रतिनिधी एकच, नाव परिशिष्टात.

करेक्शन (परिशिष्ट अ): लोगो ३, पाकिटांचा संच २. जादा राउंड ३,०००, आधी ईमेलवर होकार. मंजूर लोगो पुन्हा बदलायचा तर नवं कोटेशन.

मालकी (कलम ७): हप्ता जमा झाल्यावर, त्या हप्त्यातल्या अंतिम डिझाइनची. रेखाटनं आणि नाकारलेले पर्याय माझे. फॉन्टचं लायसन्स क्लायंटच्या नावे.

मोडला तर (कलम ९): दोघांपैकी कुणीही, १५ दिवसांची नोटीस. दिलेल्या कामाचे पैसे, मंजूर असो वा नसो. बिल १५ दिवस थकलं तर मी काम थांबवू शकते.

करार गप्प: छपाईत रंग चुकला तर जबाबदारी कुणाची.

ती शेवटची ओळ आम्हाला सहीनंतर सुचली. तिनं कागदावर तशीच राहू दिली आहे आणि छपाईच्या फाइल्स पाठवताना, रंगाचा प्रूफ तपासून छापायला देणं तुमच्याकडे, असं ईमेलमध्ये लिहायचं ठरवलं आहे. पहिले २७,००० सहीनंतर चौथ्या दिवशी आले. काम तिनं पाचव्या दिवशी सुरू केलं.